रांग चालती राहिली पाहिजे: हस्तांदोलनावरच्या आक्षेपाला उत्तर

«लेख वाचला, पटला नाही. नुकत्याच हरलेल्या चौदा वर्षांच्या पोराला रांगेत उभं करून समोरच्याचा हात हातात घ्यायला लावणं हा निव्वळ देखावा आहे. मनात राग आणि तोंडी 'छान खेळलात'. भांडणं तिथेच पेटतात. अमेरिकेत केंटकी राज्याने म्हणूनच ही प्रथा बंद केली. सगळीकडे बंद व्हायला हवी.»

नमस्कार. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी समोरासमोर रांगेने सरकत एकमेकांचे हात मिळवावेत, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. आधी केंटकीचं बघू, कारण तुमच्या मुद्द्याचा भार त्यावर आहे. तिथल्या शालेय क्रीडा संघटनेने ऑक्टोबर २०१३ मध्ये शाळांना सूचना पाठवली. आधीच्या तीन वर्षांत सामन्यानंतरच्या या रांगांमध्ये दोन डझनांहून अधिक वेळा हाणामारी झाली होती, म्हणून अशा रांगा आयोजित करू नयेत, असा तिचा रोख होता. गदारोळ झाल्यावर संघटनेने खुलासा केला की ही बंदी नाही. शाळांना रांग लावायची असेल तर लावावी, पण देखरेख त्यांनी करायची आणि काही घडलं तर जबाबदारीही त्यांचीच. यातलं मर्म देखरेखीच्या अटीत आहे. शेवटची शिट्टी वाजली की पंच सहसा मैदान सोडतात. खेळ चालू असताना प्रत्येक धक्क्यावर कुणाची तरी नजर असते. रांगेत मात्र दोन्ही संघ एका हाताच्या अंतरावर येतात आणि नेमकं तेव्हाच बघणारं कुणी उरत नाही.

भांडणं होतात हे मला मान्य आहे, पण ती कशी होतात ते पाहिलं की माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं पडतं. एक प्रसंग नीट तपासू. २० फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये विस्कॉन्सिनने मिशिगनला ७७-६३ असं हरवलं. सामना हातात आलेला असताना, फक्त १५ सेकंद उरली असताना, विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक ग्रेग गार्ड यांनी टाइमआउट घेतला. मिशिगनचे प्रशिक्षक जुवान हॉवर्ड यांना तो अपमान वाटला. गार्ड यांचं कारण साधं होतं. त्यांचे राखीव खेळाडू मैदानात होते, मिशिगन अजून पूर्ण कोर्टभर दबाव टाकत होतं आणि चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला मिळणाऱ्या दहा सेकंदांपैकी चारच उरली होती. टाइमआउटमुळे ती मोजणी पुन्हा दहापासून सुरू होणार होती.

नंतर रांगेत हॉवर्ड पुढे सरकू पाहत होते. गार्ड यांनी त्यांच्या हाताला धरून त्यांना थांबवलं, आपलं कारण समजावण्यासाठी. आवाज चढले, हॉवर्ड यांनी गार्ड यांचा शर्ट पकडला, दोन्हीकडची माणसं गोळा झाली आणि हॉवर्ड यांचा पंजा विस्कॉन्सिनच्या सहायक प्रशिक्षकाच्या डोक्याला लागला. हॉवर्ड यांना पाच सामन्यांची बंदी आणि ४०,००० डॉलर दंड झाला, गार्ड यांना १०,००० डॉलर दंड. तीन खेळाडूंना एकेका सामन्याची बंदी झाली.

इथे ठिणगी दोन प्रौढ माणसांत पडली आणि खेळाडू नंतर ओढले गेले. गार्ड यांचा खुलासा खरा होता, फक्त त्याची जागा चुकली. रांगेत उभ्या माणसाला थांबवायचं नसतं.

याचं कारण रांगेच्या रचनेतच आहे. प्रत्येकी १५ जणांच्या दोन रांगा समोरासमोरून सरकतात तेव्हा पहिल्या दोघांचे हात मिळाल्यापासून शेवटच्या दोघांचे मिळेपर्यंत २९ टप्पे होतात. एका टप्प्याला दीड सेकंद धरा, म्हणजे सगळं पाऊण मिनिटात संपतं. मधल्या एका जोडीने दहा सेकंद बोलायला घेतली की मागचे सगळे जागच्या जागी अडकतात. ज्याच्याशी सामनाभर झटापट झाली तोच समोर येऊन उभा राहतो आणि दोघांनाही हलता येत नाही. मागच्यांना पुढे काय बोलणं झालं ते ऐकू येत नाही, फक्त चढलेला आवाज आणि ढकललेला खांदा दिसतो.

म्हणून रांग लावणाऱ्याने प्रवाहाची काळजी घ्यायची. शिट्टीनंतर लगेच रांग लावू नये, दोन मिनिटं द्यावीत. जिंकलेल्यांनी तेवढ्यात जल्लोष उरकावा, हरलेल्यांनी पाणी प्यावं. हातमोजे असतील तर उजवा काढावा. दोन्ही रांगांनी एकमेकांना उजव्या हाताला ठेवून सरकावं, नाहीतर हात छातीवरून आडवे जातात आणि खांदे आपटतात. दोन्ही संघांचा एकेक जबाबदार माणूस रांगेच्या बाहेर, साधारण मध्यावर उभा असावा, कारण हात मिळवत चालणाऱ्याला बाकीची रांग दिसत नाही. मुख्य प्रशिक्षक शेवटी असलेले मला बरे वाटतात. ते बोलायला थांबले तरी मागे कुणी अडकत नाही. पंचांच्या निर्णयाबद्दलची, डावपेचांबद्दलची सगळी चर्चा रांग संपल्यावर.

बिघडणार असेल तर आधी कळतं. एखादा खेळाडू आपली जागा सोडून पुढे-मागे होतो, म्हणजे त्याला ठरावीक माणूस गाठायचा आहे. कुणी हातमोजा काढत नाही, कुणी हात पुढे करून ऐनवेळी मागे घेतो, कुणी बोटं दाबून धरतो. ज्याला मैदानाबाहेर काढलं होतं त्याला रांगेत आणूच नये. जिथे सामन्यातच मारामारी झाली, तिथे फक्त कर्णधार आणि प्रशिक्षकांनी हात मिळवणं पुरेसं आहे. अशा दिवशी रांग रद्द करण्यात मला काही गैर वाटत नाही. इथे तुमच्याशी मी सहमत आहे.

देखाव्याबद्दल मात्र मी सहमत नाही. हात मिळवणं म्हणजे प्रेमाची कबुली नव्हे. सामना संपला, निकाल मान्य आहे आणि इथून पुढे मी तुझ्या अंगावर येणार नाही, एवढंच तो हात सांगतो. राग असतानाही हे तिन्ही खरं असू शकतं. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएचएलमध्ये, साखळी सामन्यांनंतर अशी रांग लागत नाही, बाद फेरीतली मालिका संपल्यावर लागते. म्हणजे दोन संघ सर्वात जास्त चिडलेले असताना. 'छान खेळलात' हे पंधरा वेळा एकाच सुरात म्हटलं तरी चालतं. त्या क्षणी प्रत्येकासाठी मनापासून वेगळं वाक्य मागणं हाच अतिरेक होईल.

सक्ती किती ताणायची, हा तुमच्या आक्षेपातला सर्वात वजनदार भाग आहे. तलवारबाजीत हस्तांदोलन नियमानेच बंधनकारक होतं. जुलै २०२३ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत युक्रेनच्या ओल्हा खार्लान हिने रशियन आन्ना स्मिर्नोव्हाला १५-७ असं हरवलं आणि हाताऐवजी तलवारीचं पातं पुढे केलं. स्मिर्नोव्हाने ते नाकारलं, ती बराच वेळ लढतीच्या पट्टीवरच बसून राहिली आणि खार्लानला काळं कार्ड मिळून ती स्पर्धेबाहेर गेली. टीका झाल्यावर तिला सांघिक स्पर्धेत खेळू दिलं गेलं आणि आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाने दुरून सलामीचा पर्याय मान्य केला. हाच मार्ग मला योग्य वाटतो. दखल घेणं आवश्यक, स्पर्श ऐच्छिक. ज्याला हात द्यायचा नाही त्याने आधी आपल्या प्रशिक्षकाला सांगावं, प्रशिक्षकाने समोरच्याला कळवावं, म्हणजे कुणाचा हात हवेत तरंगत राहणार नाही.

तुमच्या त्या चौदा वर्षांच्या मुलाला रडू आवरत नसेल तर त्याला दंडाला धरून रांगेत उभं करू नका. दोन मिनिटांत सावरला तर शेवटी उभा राहील. नाहीच सावरला तर बाकावर बसू द्या आणि रांग संपल्यावर समोरच्या कर्णधाराला त्याच्याकडे जायला सांगा. बहुतेक कर्णधार जातात.