मासळीचा ओटा पहिल्या मजल्यावर: मंडईच्या सभेतील भाषणावर कट्ट्यावर झालेली चर्चा

आमच्या उपनगरातील महापालिका मंडईच्या पुनर्विकासाची संकल्पना मांडणारे भाषण गेल्या रविवारी शाळेच्या सभागृहात झाले आणि त्या संध्याकाळपासून मंडईच्या कोपऱ्यावरच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघालेला नाही. भाषण सल्लागार वास्तुविशारदांनी केले. ते चांगले बोलले आणि पडद्यावरची चित्रेही देखणी होती. उंच छत, भरपूर उजेड, तळघरात वाहनतळ, रस्त्याच्या बाजूला काचेची दुकाने आणि वर कार्यालये अशी सगळी मांडणी त्यांनी समजावून सांगितली. मासळी आणि मटणाचा विभाग पहिल्या मजल्यावर असेल हे मात्र एका वाक्यात सांगून ते पुढे गेले. मागच्या रांगेतून त्यावर प्रश्न आला, तेव्हा हा तपशिलाचा भाग असून तो पुढच्या टप्प्यात ठरेल, असे उत्तर मिळाले. आमचा वाद या उत्तरावरून पेटला.

वक्त्यांची बाजू घेतली ती भाऊने. तो स्वतः वास्तुविशारद आहे आणि अशा सभा त्याने पाहिल्या आहेत. त्याचे म्हणणे असे की संकल्पना मांडताना प्रत्येक गोष्टीचा आकडा दिला, तर लोक तो आकडा धरून बसतात आणि पुढे मातीची तपासणी, अग्निशमनाचे नियम किंवा परवानग्या यांमुळे तो बदलला की फसवणूक झाल्याचा आरोप होतो. म्हणून शहाणा वक्ता आधी दिशा सांगतो आणि मोजमाप नंतर देतो. अण्णांचा धान्याचा गाळा तळमजल्यावरच राहणार असल्यामुळे त्यांनीही सुरुवातीला मान डोलावली.

नाना महापालिकेच्या मलनिःसारण विभागातून निवृत्त झालेले अभियंते. ते म्हणाले, "भाऊ, ओट्याच्या कडेला कोणती फरशी लावायची हा तपशील आहे, पण मासळी-मटणाचे ओले बाजार कोणत्या मजल्यावर बसवायचे हा तपशील नाही. ते एकदा ठरले की खांब, जिने, नळ, गटारे आणि गाड्यांची वाट सगळे त्याच्या मागोमाग ठरत जाते, आणि नंतर ते बदलायचे म्हटले तर नकाशा पहिल्यापासून काढावा लागतो. जी गोष्ट पुढे बदलता येणार नाही, ती संकल्पनेच्या भाषणातच सांगायला हवी."

मग त्यांनी आकड्यांसकट समजावून सांगायला घेतले. तळमजल्याची उंची साडेचार मीटर धरली आणि पायरी पंधरा सेंटीमीटरची धरली, तर पहिल्या मजल्यावर जायला तीस पायऱ्या होतात. हातगाडी ढकलता येईल असा बारास एक चढाचा उतरणीचा रस्ता करायचा झाला, तर त्याची लांबी चोपन्न मीटर होते आणि मधले विसाव्याचे सपाट भाग त्यात धरलेले नाहीत. एवढी लांबी आमच्या मंडईच्या भूखंडात वळणे घेतल्याशिवाय बसत नाही. राहिली मालाची लिफ्ट. मासळीचे साठ ओटे आहेत आणि सकाळी प्रत्येक ओट्याचे दोन टब येतात असे धरले, तर एकशे वीस टब होतात. लिफ्टमध्ये एका वेळी सहा टब मावले आणि भरणे, वर जाणे, रिकामे करणे व परत येणे यांना चार मिनिटे लागली, तर वीस खेपांना एक तास वीस मिनिटे लागतात. पहिला टब आणि शेवटचा टब यांच्यात एवढे अंतर पडले, तर शेवटच्या ओट्यावरचा माल लागेपर्यंत सकाळचे गिऱ्हाईक निघून गेलेले असते. लिफ्ट बंद पडली, तर त्या दिवशी सगळेच टब हमालांच्या डोक्यावरून जाणार.

मावशी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांचा ओटा त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेला आहे आणि पहाटे ससून डॉकवरून किंवा भाऊच्या धक्क्यावरून माल आणायचा, तो बर्फात घालून ओट्यावर लावायचा, हा त्यांचा रोजचा क्रम आहे. त्या म्हणाल्या, "चढवायचं सोडा, आम्ही चढवू. पण घरी जाताना हातात भाजीची पिशवी असलेली बाई पाव किलो बोंबलासाठी तीस पायऱ्या चढेल का? ती खाली फुटपाथवर बसलेलीकडून घेईल. मग मीपण ओटा सोडून फुटपाथवरच येऊन बसेन, दुसरं काय करणार?"

माझ्या मते या साऱ्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच होते. वरच्या मजल्यावर नेलेल्या ओल्या बाजाराचे दुखणे बहुधा असेच दिसू लागते. आधी जिन्यापासून दूरचे ओटे रिकामे पडतात, मग तिथे खोकी आणि भंगार साठते, आणि परवाना नावावर असलेली माणसे प्रवेशद्वाराबाहेर पाटी घेऊन बसलेली दिसतात. त्यांनी वर बसायचे सोडले म्हणून दोष त्यांनाच दिला जातो. रस्त्यावर बसलेल्यांसाठी 2014 चा फेरीवाला कायदा आहे आणि त्यानुसार नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. पण मंडईतील ओटाधारकाला आपला ओटा सोडून त्या रांगेत उभे राहावे लागत असेल, तर मंडई बांधून आपण काय मिळवले, याचे उत्तर भाषणात नव्हते.

भाऊ तरीही मागे हटला नाही, आणि त्याने काढलेला मुद्दा खरा होता. मंडईची इमारत फुकट होत नाही. महापालिका पैसे घालत नसेल, तर बांधणारा ते विक्रीच्या जागेतून काढतो आणि सर्वाधिक भाव रस्त्याकडेच्या तळमजल्याला मिळतो. ओले बाजार वर ढकलण्यामागचे कारण हे आहे आणि ते लाजिरवाणे मुळीच नाही, असे तो म्हणाला. नानांनी हे लगेच मान्य केले. त्यांची तक्रार एवढीच होती की हे कारण व्यासपीठावरून उघड सांगायला हवे होते. लोकांना हिशोब सांगितला असता, तर मागच्या गल्लीकडची तळमजल्याची बाजू ओल्या बाजाराला देऊन पुढे एकच गाळा खोल असलेली दुकानांची रांग ठेवता येईल का, हा प्रश्न तिथेच विचारता आला असता. अशा मांडणीत विक्रीची थोडी जागा कमी होते, टेम्पो मात्र मागच्या गल्लीतून थेट ओट्यांपर्यंत पोहोचतो.

वक्त्यांनी पडद्यावर क्रॉफर्ड मार्केटचा घड्याळाचा मनोरा दाखवून ती आपली प्रेरणा असल्याचे म्हटले होते, त्याचाही विषय निघाला. 1869 साली उभी राहिलेली आणि आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी ती वास्तू विल्यम इमर्सन यांनी आखली, हे खरे. परंतु तिथे फळे-भाजीची दालने वेगळी ठेवून मासळी आणि मटणासाठी मागे स्वतंत्र इमारती केल्या होत्या आणि ओला माल जमिनीलगतच राहिला होता. मनोऱ्याची प्रेरणा घ्यायची आणि त्या मांडणीतला हा विचार सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

आता पाण्याचा भाग, कारण नानांचा खरा जीव त्यात आहे. मासळीच्या दालनातील फरशी दिवसभर ओली असते आणि तिला ऐंशीस एक इतका तरी उतार लागतो. दालन चोवीस मीटर रुंद असेल आणि पाणी एकाच कडेला न्यायचे असेल, तर दोन टोकांत तीस सेंटीमीटरचा फरक पडतो. जमिनीवर हा फरक भराव घालून सहज साधतो. वरच्या मजल्यावर मात्र स्लॅबवर तेवढा भराव म्हणजे नुसता बोजा. म्हणून दर सहा मीटरवर गटार काढावे लागते, ज्यामुळे प्रत्येक बाजूचा उतार चार सेंटीमीटरच्या आत राहतो. पण मग प्रत्येक गटाराचा नळ स्लॅबला भोक पाडून खाली उतरतो आणि खालच्या दालनाच्या छताला लटकत जातो. खवले आणि आतडी जाळीवर अडकली नाहीत तर नळ तुंबतो, आणि स्लॅबमधील भोकाच्या कडेचा जलरोधक थर काही वर्षांत सुटला की पाझर सुरू होतो.

"खालच्या दालनात कोण आहे?" नानांनी अण्णांकडे पाहत विचारले. धान्याचे गाळे नेमके त्याच छताखाली आहेत. अण्णांचे मत तिथे बदलले. तांदळाच्या आणि साखरेच्या पोत्यांवरून मासळीच्या पाण्याचा नळ जाणार असेल, तर हा प्रश्न फक्त कोळणींचा नाही, हे त्यांना आणि आम्हां सर्वांना तेव्हाच नीट कळले. सभेत धान्यवाले गप्प बसले होते, कारण त्यांची जागा सुरक्षित आहे असे चित्रात दिसत होते. वक्त्यांनी इमारतीचा उभा छेद पडद्यावर दाखवला असता, तर वरचा ओटा आणि खालचे पोते एकाखाली एक दिसले असते.

भाऊने शेवटी एवढे मान्य केले की संकल्पनेच्या सभेत आकर्षक चित्राच्या आधी असा छेद दाखवायला हरकत नव्हती. तो म्हणाला की स्वतः बोलायला उभा राहिला असता, तर त्याने सुरुवात अशी केली असती: "आज तुमचे ओटे इथे आहेत, बांधकामाच्या काळात ते इथे असतील आणि नंतर इथे येतील. यातील मजला आणि गाड्यांची वाट आज ठरते आहे, म्हणून त्यावर आजच बोला. ओट्याचे माप आणि भाडे अजून ठरलेले नाही, ते ठरताना तुम्हाला पुन्हा बोलावू." अशा बोलण्याने सभेत गोंधळ झाला असता, असे त्याला अजूनही वाटते. नानांचे उत्तर असे होते की तो गोंधळ पाया खणण्याआधी झालेला बरा.

बांधकामाच्या काळाबद्दल मतभेद मात्र मिटला नाही. मंडई दोन टप्प्यांत पाडून अर्धी चालू ठेवावी, असे नाना आणि मावशींचे म्हणणे आहे, तर त्यामुळे काम लांबते आणि तळघर दोन तुकड्यांत खणणे महागात जाते, असे भाऊचे म्हणणे आहे. दोघांचेही खरे आहे. मी मावशींच्या बाजूने आहे, कारण मासळीचे गिऱ्हाईक ठरलेल्या ओट्याशी बांधलेले असते आणि दोन-तीन वर्षे दूरच्या शेडमध्ये बसलेल्या विक्रेत्याला ते परत मिळेलच असे नाही. वाढलेला खर्च कोणी सोसायचा, हे वक्त्यांनी सांगायला हवे.

सूचना आणि हरकती देण्याची मुदत अजून आहे. अण्णा आणि मावशी एकाच अर्जावर सही करणार आहेत. ओले बाजार तळमजल्यावर मागच्या गल्लीच्या बाजूला ठेवलेला पर्यायी नकाशा आणि त्याने विक्रीची जागा नेमकी किती कमी होते याचा हिशोब पुढच्या सभेत दाखवावा, एवढीच मागणी त्यात आहे. इमारतीचा उभा छेद काढून तो अर्जाला जोडण्याचे काम भाऊने स्वतःकडे घेतले आहे.