स्क्रीनवर पाचशे, हातात दोनशे सतरा

डोकं फिरतं माझं. परवा रात्री माझ्या शेअर व्यवहारांच्या महिन्याभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरचे हिशोबाचे कागद, उघडून बसलो, सगळ्यांना पॅनचा पासवर्ड टाकत, आणि वहीत आकडे मांडले. सहा वेळा जिंकलो, चार वेळा हरलो, तरी खात्यातले पैसे कमीच!

एकच व्यवहार बघा. ५०० शेअर, त्याच दिवशी घेऊन विकायचे. स्क्रीनवर भाव २०० होता, मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे मिळेल त्या भावाला, मिळाले २००.२० ला. विकताना २०१ दिसत होता, विकले गेले २००.८० ला. समोर त्या भावाला तेवढे शेअरच नव्हते, म्हणून ऑर्डर पुढच्या भावांवर सरकली. याला स्लिपेज म्हणतात. पाचशेचा नफा तिथेच तीनशे झाला, आणि याची ओळ कुठल्याच कागदावर येत नाही!

मग कापाकापी. ब्रोकरेज येता-जाता २० प्रमाणे ४०. विक्रीवर एसटीटी हा सरकारी कर ०.०२५ टक्के, म्हणजे २५. एक्सचेंजचे साधारण ६, खरेदीवर स्टॅम्प ड्युटी ३, सेबीचे काही पैसे. वर ब्रोकरेज आणि एक्सचेंजच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, सव्वाआठ रुपये. एकूण साडेब्याऐंशी. हातात २१७. ॲप मात्र ३०० हिरव्या रंगात टपोरं दाखवतं. शिवाय हे सट्ट्याचं उत्पन्न, स्लॅबप्रमाणे कर लागतो. २० टक्क्यांत बसणाऱ्याचे सेस धरून आणखी पंचेचाळीस गेले.

पण खरी आग हरलेल्या व्यवहारांची आहे. माझा स्टॉपलॉस १९९.५०, भाव तिथवर पडला की विकून बाहेर, म्हणजे अडीचशेच जायचे. २००.२० ला घेतलं, १९९.३० ला सुटलं, साडेचारशे गेले. वर तेच ८२. एकूण ५३२. जिंकलो तर २१७, हरलो तर ५३२! कागदावर सहा विजय आणि चार पराभव म्हणजे दोन हजार नफा व्हायला हवा होता. झाला सव्वाआठशे तोटा.

आमचे अण्णा लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घालतात. पट्टी हातात आली की हमाली, तोलाई, एकेक ओळ बोट ठेवून वाचतात, दहा रुपये जास्त कापले तरी अडत्याशी भांडतात. मी बीकॉम झालेला माणूस, चार महिने तो हिरवा आकडा बघून खूश!

आणि क्लासवाले? दोन हजार फी घेऊन ‘दहापैकी सहा बरोबर आले तरी कमाई’ शिकवतात. स्लिपेज हा शब्द एकदाही काढला नाही त्यांनी. मी विचारलं तर म्हणाले, लिमिट ऑर्डर टाका. टाकतो ना! भाव पक्का राहतो, पण शेअर वर पळाला की ऑर्डर तशीच पडून राहते. आणि खाली पडणारा मात्र बरोबर गळ्यात येतो.