कथा, प्रसाद आणि अर्धा किलोचा डबा

इंदूरच्या रामबागेत मला लेखक म्हणून ओळखणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे मिठाईवाले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत तीन वर्षांपूर्वी माझा लेख आला होता. त्या स्मरणिकेच्या पानात त्यांनी कुणाला तरी कचोऱ्या बांधून दिल्या आणि बांधता बांधता माझा फोटो पाहिला. तेव्हापासून मी 'राइटर साहब'.

नवरात्र संपलं तसं त्यांनी मला गाठलं. "भिया, दिवाली के डिब्बे का मेसेज डालना है. हिंदी का तो छोरा लिख देगा, मराठी घरों के लिए आप लिख दो. चार लाइन." चार ओळी! स्मरणिकेला मी चार पानं दिली होती. रात्री जेवण झाल्यावर लिहून टाकतो म्हटलं. बायकोला काही बोललो नाही. आपलं नाव होईल तेव्हा तिला कळेलच, असा हिशेब.

पहिला मसुदा 'दीपोत्सवाच्या मंगल पर्वावर' इथून निघाला आणि अहिल्याबाईंच्या पुण्यनगरीला प्रदक्षिणा घालून, तेजाकडून माधुर्याकडे वळत, सतराव्या ओळीला काजू कतलीपाशी पोचला. दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरावर पाठवला. पाच मिनिटांत फोन. "भिया, ये तो पूरी सत्यनारायण की कथा हो गई. प्रसाद कब बँटेगा?"

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी माझाच मेसेज मला उलटा पाठवला आणि "देखो" म्हणाले. पाहिलं. मंगल पर्व दिसत होतं, अहिल्याबाई अर्ध्या दिसत होत्या आणि त्यानंतर Read more. काजू कतली त्या दोन शब्दांच्या खाली गाडलेली. पोह्यांच्या गर्दीत एका हातात कढईचा झारा धरून ते म्हणाले, ग्राहक Read more वर बोट ठेवत नाही, पुढच्या मेसेजवर ठेवतो. इतकी नेमकी समीक्षा माझ्या लेखनाची आजवर कुणी केली नव्हती.

मग मी कापत बसलो. कापणं हा लेखकाचा छळ असतो हे ऐकून होतो. मिठाईवाल्यासमोर उभं राहून कापणं म्हणजे काय, ते कळलं. मी 'स्वादिष्ट' म्हणालो की ते विचारायचे, "बेस्वाद कौन लिखता है?" मी 'आकर्षक पॅकिंग' म्हणालो की म्हणायचे, "फोटो डाल रहे हैं ना." उरलं काय? काय आहे, किती आहे, केवढ्याला आहे, कधीपर्यंत सांगायचं. माझ्या सतरा ओळींत यातलं एकच होतं, काजू कतली.

भाव ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी लावायची, हे त्यांच्या पोरानं शिकवलं. मी लावली. तरी ठळक होईना. चांदण्या मात्र मेसेजभर तशाच लोंबत राहिल्या. पोरगा म्हणाला, "अंकल, शेवटच्या चांदणीआधी तुम्ही जागा सोडलीये." मी लिहिलं होतं *अर्धा किलो * आणि हवं होतं *अर्धा किलो*. एवढ्याशा रिकाम्या जागेपायी मी पाऊण तास घालवला होता. चष्मा कपाळावर होता, हेही खरं.

पण खरी अडचण पुढेच होती. आमच्या मराठी घरांत फराळ घरचा. चकली, चिवडा, शंकरपाळी यांत दुकानाला प्रवेश नाही. डबा घेतात तो द्यायला आणि त्यातला मोठा हिस्सा भाऊबीजेला. मी झोकात लिहिलं, 'धनत्रयोदशीला आमचे मावा पेढे न्या आणि भाऊबीज गोड करा.' सेठनी झारा खाली ठेवला. बोटं मोजली. धनतेरस, चौदस, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. मग ट्रेपुढच्या चिटुकल्या पाटीकडे हात केला. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईपुढेही 'बेस्ट बिफोर' लिहावं लागतं, ती ही पाटी. माव्याची मिठाई चार दिवसांवर ते ठेवत नाहीत. बेसनाचे लाडू आणि काजू कतली तेवढा दम धरतात, पण मावा नाही. आधी वास बदलतो, मग कडेला चिकटपणा येतो आणि खाणाऱ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

"बहन ने डिब्बा खोला और नाक सिकोड़ी," ते म्हणाले, "तो साल भर आपका मेसेज कौन पढ़ेगा?"

म्हणजे डबे दोन हवेत. दिवाळीचा टिकाऊ आणि भाऊबीजेचा पाडव्याच्या संध्याकाळी ताजा भरलेला. माव्याची मागणी आधी द्यायची, म्हणून नावं वसुबारसेपर्यंत. मी मुकाट्याने लिहून घेतलं. शेवटी प्रेमाची एक ओळ तरी राहू द्या म्हणून मी हात जोडले. "एक," ते म्हणाले. मग हे झालं:

नमस्कार! दिवाळीचे डबे तयार होत आहेत.
*दिवाळीचा डबा:* काजू कतली, बेसन लाडू. अर्धा किलो ४२० रुपये, एक किलो ८२० रुपये.
*भाऊबीजेचा डबा:* मावा पेढे, मिल्क केक. पाडव्याला संध्याकाळी ताजा मिळेल. अर्धा किलो ३६० रुपये. दोन दिवसांत संपवा.
वजन डब्याशिवाय. वसुबारसेपर्यंत इथेच नाव आणि किती डबे ते कळवा.
फराळ तुमच्या घरचा, द्यायचा डबा आमचा. 🪔

'वजन डब्याशिवाय' हे माझ्या हट्टानं आलं असं मला सांगायला आवडलं असतं. तेही त्यांचंच. पुठ्ठा मिठाईच्या भावानं विकणं कायद्यात बसत नाही आणि ग्राहकाच्या मनातली ही शंका विचारण्याआधी मिटवावी, असं त्यांचं म्हणणं.

आता पाठवायचं. गेल्या वर्षी पोरानं ब्रॉडकास्टऐवजी ग्रुप केला होता. एका आजींनी "मला शुगर आहे, नको" लिहिलं, त्यावर सत्तावीस जणांनी तब्येतीची चौकशी केली, कुणी मेथीदाण्याचा काढा दिला आणि डब्याचं कुणीच बोललं नाही. यंदा ब्रॉडकास्ट. त्यात उत्तर फक्त दुकानाला जातं, शुगर गुप्त राहते. एका यादीत २५६ च नावं बसतात, म्हणून दोन याद्या केल्या. आणि मेसेज त्यालाच पोचतो ज्याच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर सेव्ह आहे, हे पोरानं तीनदा बजावलं; तेव्हापासून काउंटरवर 'हमारा नंबर सेव्ह करें' अशी चिठ्ठी आहे. मी ती चिठ्ठी आठवडाभर वाचत होतो.

संध्याकाळी मेसेज गेला. मी सोफ्यावर फोन हातात धरून बसलो. माझ्या फोनवर काहीच नाही. साडेआठ झाले. नऊ झाले. मग लक्षात आलं. आठवडाभर सेठशी चॅट चालू होतं ते नुसत्या नंबराशी. तो सेव्ह करायचं मला सुचलंच नव्हतं.

स्वयंपाकघरातून बायको आली, हातात तिचा फोन. तिच्याकडे तो नंबर 'कोपरा कचोरी' नावानं कधीचा आहे.

"अहो, हे बघा, कोपऱ्यावरच्यांचा मेसेज. फराळ तुमच्या घरचा, द्यायचा डबा आमचा. किती नेमकं! भाऊबीजेचं सुद्धा बरोबर पकडलंय." मी छाती फुगवून घसा खाकरला. ती पुढे म्हणाली, "शिका जरा. तुम्हाला असं थोडक्यात कधी लिहिता येतं का? मी वन्संसाठी दोन सांगून टाकले."