‘अपरिहार्य कारणास्तव’ म्हणे! दिवाळी काय अचानक आली?

दरवर्षी धनत्रयोदशीच्या आसपास ऑनलाइन दुकानांचा तोच मेसेज येतो. ‘प्रिय ग्राहक, अपरिहार्य कारणास्तव काही ऑर्डर्सना किंचित विलंब होत आहे. आपल्या संयमाबद्दल आभार.’ काही ऑर्डर्स म्हणजे कुठल्या? किंचित म्हणजे किती? भाऊबीज तोंडावर आलीय, साडी येणार की दुसरी आणायला बाजारात पळायचं, एवढंच माणसाला कळायला हवं असतं. नेमकं तेच मेसेजात नाही. वर आभार कसले मानता? आम्ही संयम दिलाय कधी?

आणि ‘अपरिहार्य’ हा शब्द काही साधाभोळा नाही. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, सांगितलेली मुदत उलटून माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पळवाट एकच: उशीर आटोक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तर. पूर येऊन रस्ता बंद झाला, तर ठीक आहे. पण दिवाळी? ती तर वर्षभर आधी कॅलेंडरात छापलेली असते हो!

खरं कारण साध्या गणितात असतं. समजा गोदामात दिवसाला 600 पार्सलं पॅक होतात. सेल लावला आणि रोज 1500 ऑर्डर्स घेतल्या. पहिल्याच रात्री 900 शिल्लक. चार दिवसांचा सेल संपला तेव्हा 3600 तुंबलेल्या, म्हणजे नवी एकही ऑर्डर घेतली नाही तरी सहा दिवसांचं काम. बरं, पॅक झालं म्हणजे सुटलं असंही नाही. सणाच्या गर्दीत कुरियरवाले रोज किती पार्सलं उचलणार यावर मर्यादा घालतात. थोडक्यात, वेळेत पोचणार नाही हे दुकानाला पहिल्याच रात्री कळलेलं असतं. ग्राहकाला कळतं सणाच्या आदल्या दिवशी. वरातीमागून घोडं!

त्याहून संतापजनक म्हणजे ‘तुमची ऑर्डर निघाली!’ हा मेसेज. लेबल छापून कुरियरचा नंबर पडला की तो आपोआप सुटतो. पार्सल मात्र गोदामातच. ओळखायचं कसं? ट्रॅकिंग उघडा. फक्त ‘लेबल तयार’ किंवा ‘पिकअप बाकी’ दिसत असेल, गावाचं नाव आणि स्कॅनची वेळ नसेल, तर माल हललेलाच नाही. अशी ऑर्डर लगेच रद्द करणं सोपं असतं. एकदा ती कुरियरच्या हबमध्ये गेली की बहुतेक वेळा दारात नाकारण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि पैसे अडकतात ते पार्सल गोदामात परत पोचेपर्यंत. म्हणून तर ‘आज रद्द करता येईल’ हे वाक्य मेसेजात सगळ्यात वर हवं. तेच गाळतात!

लिहायचंय तर असं लिहा ना:

‘तुमची साडीची ऑर्डर अजून आमच्या भिवंडीच्या गोदामात आहे. आमच्या क्षमतेपेक्षा जास्त ऑर्डर्स आम्ही घेतल्या, म्हणून उशीर झाला. ती भाऊबीजेआधी पोचणार नाही. तुमच्या पिनकोडवर त्यानंतर तीन दिवसांत पोचेल. नको असल्यास खालच्या लिंकवर आज रात्रीपर्यंत रद्द करा, पूर्ण पैसे मिळतील. जलद डिलिव्हरीचे घेतलेले 99 रुपये दोन्ही बाबतीत परत करतो आहोत.’

सहा वाक्यं. यात माल कुठे आहे, चूक कोणाची, कधी येणार आणि आत्ता काय करता येईल, सगळं आलं. नवी तारीख मात्र नीट हिशेब करून द्या. दुसऱ्यांदा हुकण्यापेक्षा दोन दिवस लांबची दिलेली परवडते. आणि हा मेसेज ज्यांची पार्सलं अडकलीत त्यांनाच पाठवा, गोदामात, हबमध्ये आणि वाटपकेंद्रावर अडकलेल्यांना वेगवेगळा. सगळ्या गावाला एकच पत्रक पाठवलंत तर ज्यांचा माल उद्या येणार आहे तेही घाबरून फोन करतात आणि हेल्पलाइन तुंबते.

‘पण खरं सांगितलं तर ब्रँडची अब्रू जाईल!’ अहो, इकडे दिलगिरी आणि तिकडे त्याच वेबसाइटवर ‘दिवाळीआधी घरपोच’ची पट्टी झळकतेय, त्यानं नाही जात? मेसेज पाठवायच्या आधी ती पट्टी उतरवा, जाहिराती थांबवा. आणि ते 10 टक्क्यांचं कूपन, किमान खरेदी 999 रुपये! माफी मागताय की माल खपवताय? नुसती तोंडाला पानं पुसायची.

तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही त्या मेसेजातच द्या. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत, हे नियमातच आहे. तिथे दाद लागली नाही तर ग्राहकांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. त्याआधी मूळ तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ॲपमध्ये ती गुपचूप बदलली जाते.

आणि हो, पार्सल अजून हबमध्ये पडलेलं असताना ‘खरेदीचा अनुभव कसा वाटला? पाच तारे द्या!’ हा मेसेज जातो, तो तरी कोणीतरी बंद करा!