निकाल असा जाहीर करा की हॉल रडला पाहिजे

तर मंडळी, तुमच्यावर माईक आलाय. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा, कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक, चाळीसेक पोरं, त्यांचे आईबाप, आणि तीन नंबर अधिक दोन उत्तेजनार्थ असा निकालाचा एक कागद तुमच्या खिशात. हा कागद दोन मिनिटात वाचून होतो, म्हणून तर तुमची गरज आहे, कारण दोन मिनिटात संपवायला तुम्हाला कशाला बोलावलं असतं?

आधी टेबल बघा. ट्रॉफ्या उंचीच्या क्रमाने मांडायच्या आणि सर्टिफिकेटं नावं लिहून झाली की पहिल्या रांगेकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे पुढं बसलेल्या पालकांना निकाल आधीच कळतो आणि तुम्ही उत्कंठा वाढवत असताना ते शांतपणे मोबाईलवर बातमी पाठवू शकतात. जिंकलेल्या शाळेच्या बाईंना दुपारीच फोन करून "निकालाला थांबा हं, जाऊ नका" सांगायलाही विसरू नका, बाकीच्या शाळांना असा फोन आला नाही म्हणजे काय ते त्या समजून घेतातच.

आता उत्कंठा. बाकी लोक उत्तेजनार्थपासून सुरू करून वर चढत जातात आणि नाव अगदी शेवटी उच्चारून गप्प बसतात, टाळ्या वाजू देतात. हे फार साधं झालं. तुम्ही म्हणा, "आणि प्रथम..." इथं थांबा. तिसऱ्या रांगेतलं एक पोरगं खुर्चीच्या कडेवर सरकतं, आई त्याचा कॉलर नीट करते, आणि मग तुम्ही वाक्य पूर्ण करा, "...क्रमांक जाहीर करण्यापूर्वी मी आपल्या प्रायोजकांचे आभार मानतो." पोरगं परत मागं सरकतं. हे तीनदा करता येतं, चौथ्यांदा मात्र ते सरकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

क्लू द्यायचे तर आडनावापासून द्या. "विजेती आहे... पाटील!" कोल्हापुरात एवढं म्हटलं की अर्धा हॉल उठायच्या तयारीत. मग तालुका सांगा, करवीर, तरी सातआठजणी उरतातच. मग शाळा. मग पहिलं नाव, आणि तेही चुकीचं वाचा, कारण उच्चार आधी बाईंना विचारून घेणं म्हणजे सस्पेन्सला मारून टाकणं. खरं तर क्लूचं काम शक्यता एकेक करून कमी करायचं असतं, पण "ही मुलगी मराठीत बोलली" असा क्लू मराठी वक्तृत्व स्पर्धेत दिलात तर कोण तुमचं काय वाकडं करणाराय? उलट स्पर्धेत एकच मुलगा असेल तर "आपला हा मुलगा" म्हणून सुरू करा, झटक्यात विषय संपतो.

नाव पुकारलं की गप्प बसायचं नाही. ती स्टेजच्या पायऱ्या चढत असताना तिच्या भाषणाचा सारांश सुरू करा. टाळ्यांच्या वर तुमचा आवाज पाहिजे, साउंडवाल्याला तसं सांगून ठेवा.

आता हरलेल्यांसाठी दोन शब्द, हा खरा कस आहे राव. हे शब्द निकालाआधी, सगळे ऐकायच्या मूडमध्ये असताना बोलायचे नसतात. पहिल्या नंबरचे फोटो सुरू झाले, खुर्च्या सरकल्या, राधानगरीकडची पोरं शेवटच्या एस्टीसाठी दप्तर उचलायला लागली की तेव्हा म्हणा, "ज्यांना बक्षीस मिळालं नाही त्यांनी खचून जाऊ नये." तोवर जी खचली नव्हती ती पण आता विचार करायला लागतात. पुढं "अपयश ही यशाची पहिली पायरी" टाका, पाचवीतल्या पोराला आपण अपयशी ठरलोय हे पहिल्यांदा तुमच्याकडून कळतं. परीक्षकांना विचारून कुणाचा शेवट छान होता, कुणी विसरल्यावरही न थांबता पुढं रेटलं, असं एकेक नेमकं सांगणं फार कटकटीचं, त्यासाठी गुणतक्त्याचा शेरा कॉलम वाचावा लागतो. त्यापेक्षा "तुम्ही सगळेच विजेते आहात" बरं पडतं, फक्त त्यावेळी हातात एकच मोठी ट्रॉफी असते, तेवढी पाठीमागं लपवा.

आणि ब्रह्मास्त्र शेवटी. आवाज खाली आणून सांगा, "एक मुलगी फक्त अर्ध्या मार्काने हुकली, नाव मी सांगत नाही." बस्स. बक्षीस न मिळालेली प्रत्येक मुलगी घरी जाताना ती आपणच असं धरून चालते, आणि मुलांच्या आयासुद्धा "मुलगी म्हणाले, पण चुकून म्हणाले असतील" असं ठरवतात. सोमवारी सकाळपासून आयोजकांचा फोन वाजायला लागतो, गुण दाखवा म्हणून. त्यावर उत्तर पाठ करून ठेवा, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. परीक्षकांचा नंबर मात्र कुणाला देऊ नका, त्यांना मानधनाचं पाकीट अजून मिळालेलं नाही, ते तुमच्याच फोनची वाट बघत असतात.