कॅप्टनचा मेहुणा आणि माझा मेहुणा

दिवसभर ऑफिसात एक्सेलमधली चूक सापडत नाही म्हणून बोलणी खाणारा माणूस रात्री जेवण झाल्यावर स्वखुशीने खुनी शोधायला बसतो, हे आमच्या घरात कुणालाच पटत नाही. ‘अहो, चष्मा कुठे ठेवलाय ते आधी शोधा,’ असं बायको म्हणते. तिचं चुकत नाही. पण चष्मा शोधण्यात कुणी संशयित नसतात. असलेच तर एकच असतो, आणि तो मीच असतो.

गुप्तहेरीच्या गेमचा माझा पहिला मोठा अनुभव म्हणजे २०११ सालचा ‘एल. ए. न्वार’. १९४७ सालचं लॉस एंजेलिस, हॅट घातलेला पोलीस अधिकारी आणि जमिनीवर प्रेत. मी ऐटीत खोलीभर फिरायला लागलो. एका बाटलीजवळ गेलो तर हातातला कंट्रोलर थरथरला आणि टुणकन आवाज आला, म्हणजे इथे काहीतरी आहे. सगळे पुरावे सापडले की पार्श्वसंगीत थांबतं, म्हणजे आता निघा. आता यात मी काय केलं? खोलीभर चाललो. तेवढं तर आमच्या घरचा व्हॅक्युम क्लीनरही करतो.

गंमत म्हणजे इतकं बोट धरून चालवणारा हाच गेम चौकशीच्या वेळी बोट सोडून गर्दीत पसार होतो. साक्षीदार बोलला की तुमच्यापुढे तीन बटणं येतात: खरं, शंका, खोटं. मला वाटलं, बाई बिचारी घाबरलीय, थोडं लपवतेय, तर हळूच ‘शंका’ दाबू. दाबलं, आणि आमचे साहेब तिच्या अंगावर असे काही खेकसले की मीच दचकून मागे सरकलो. बटण दाबल्यावर आपल्याच तोंडून काय बाहेर पडणार, हे आपल्यालाच माहीत नसतं. (लग्नसमारंभात माझं असं होतं, पण ते वेगळं.) पुरावा शोधायला डोकं लागत नाही आणि माणूस ओळखायला नुसतं डोकं पुरत नाही, दुसऱ्याच्या डोक्यात शिरावं लागतं. एकाच गेममध्ये दोन्ही टोकं सापडणं ही दुर्मीळ सोय म्हणायची.

मग हाती लागला ल्यूकस पोप यांचा २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’, आणि घरातली शांतता गेली. १८०२ साली लंडनहून पूर्वेकडे निघालेलं एक जहाज बेपत्ता होतं आणि १८०७ साली फाटक्या शिडांनिशी फॅल्मथ बंदरात परत येतं. आत जिवंत कुणी दिसत नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-तपासनीस. काम काय, तर साठ माणसांपैकी प्रत्येकाचं नाव, त्याचं काय झालं आणि मारलं असेल तर कुणी मारलं, हे वहीत भरायचं. थोडक्यात, क्लेमचा फॉर्म. ऑफिसातून घरी येऊन मी पुन्हा फॉर्मच भरतोय हे कळल्यावर बायको बराच वेळ हसत होती.

आपल्याकडे एक जादूचं घड्याळ असतं. प्रेतापाशी ते उघडलं की मरणाआधीचं बोलणं ऐकू येतं आणि मग तो क्षण पुतळ्यासारखा गोठलेला दिसतो. त्यात आपण हवं तिकडे फिरायचं. काही थरथरत नाही, काही टुणकन वाजत नाही. (स्वतः खेळायचा असेल त्यांनी इथून पुढे जपून वाचावं.) कॅप्टन मरायच्या आधी आपल्या मेलेल्या बायकोशी बोलतो. तिचं नाव ॲबिगेल. तिच्या भावाला आपणच गोळी घातली, असं तो कबूल करतो. आता वहीतली माणसांची यादी उघडायची. तिथे ‘ॲबिगेल हॉस्कट विटरेल’ आहे. विटरेल सासरचं, मग हॉस्कट माहेरचं असणार. आणि त्याच यादीत जहाजावरचा पहिला अधिकारी: विल्यम हॉस्कट. म्हणजे कॅप्टनने आपल्या मेहुण्याला उडवलं! हे मला गेमने सांगितलं नाही. गेमने एक वाक्य ऐकवलं आणि एक यादी दिली, दोघांमधली रेघ मी ओढली. मी उठून उभा राहिलो आणि ‘मेहुण्याला मारलं!’ असं ओरडलो. नेमका त्याच आठवड्यात बायकोचा भाऊ आमच्याकडे राहायला आला होता.

त्याचं नाव नितीन. तो आला आणि खेळाची तपश्चर्याच भंगली. ओब्रा डिनचा नियम असा, की तुमची उत्तरं एकेक करून तपासली जात नाहीत. तीन माणसांची माहिती पूर्ण बरोबर झाली की तिन्ही एकदम पक्की होतात. प्रत्येक उत्तराला लगेच ‘बरोबर’ म्हटलं असतं तर कुणीही नावं फिरवत बसला असता. शेवटपर्यंत काहीच सांगितलं नसतं तर चाळिसाव्या माणसापर्यंत पहिल्याचीच खात्री उरली नसती. तीनचा आकडा या दोहोंच्या मधला आहे, आणि माझ्या मते गेमची खरी करामत तीच आहे.

नितीनने त्यातही भोक शोधलं. ‘दाजी, दोन खात्रीचे ठेवायचे आणि तिसऱ्याची नावं फिरवत राहायची.’ जहाजावर शिडांवर चढणारे चार चिनी खलाशी आहेत. चेहऱ्यांवरून कोण कोणता हे सांगता येत नाही. चौघांच्या जागी चार नावं अंदाजाने टाकायची तर चोवीस तऱ्हा होतात, पण नितीनच्या पद्धतीने एकाचं नाव जास्तीत जास्त चौथ्या फेरीत निघतं. मी म्हटलं, अरे, ही कॉपी झाली. तो म्हणाला, गेम करू देतो ना?

तेवढ्यात माझी आई जप थांबवून म्हणाली, ‘पाय बघ त्यांचे.’ सत्यनारायणाला दारात कितीही चपलांचा ढीग पडला तरी आत कोण कोण आलंय हे तिला उंबऱ्यावरूनच कळतं. मी परत खलाशांच्या झोपायच्या जागेच्या दृश्यात गेलो. टांगलेल्या झोळ्यांवर नंबर आहेत, आणि यादीतही प्रत्येक नावापुढे नंबर आहे. झोळीतून बाहेर आलेले पाय, त्यातले बूट बघायचे आणि दुसऱ्या दृश्यात तेच बूट कुणाच्या पायात आहेत ते शोधायचं. किती वेळ ते पाय माझ्यासमोर लोंबत होते! अवघड पण न्याय्य कोडं मी यावरूनच ओळखतो. उत्तर कळल्यावर आपला राग स्वतःवर निघतो, गेम करणाऱ्यावर नाही.

नितीनची चार नावं लागली, पण त्याला काही झालं नाही. तो मोबाइल बघायला लागला. मी मात्र आईला पेढा दिला.

उलट प्रकारचा राग यायला हवा असेल तर १९९९ सालचा ‘गॅब्रिएल नाइट ३’ आहे. मोटरसायकल भाड्याने मिळवायला नायकाला मित्राचं सोंग घ्यायचं असतं. म्हणून चिकटपट्टीवर मांजराचे केस गोळा करायचे आणि त्यांची मिशी लावायची. मित्राला मिशी आहे का? नाही. म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला मार्करने मिशी काढायची. यात न सापडलेला पुरावा नाहीच. हे कोडं करणाऱ्याच्या डोक्यातच होतं, आणि तिथे जायला घड्याळ दिलेलं नाही.

मी हे रात्री जेवताना सांगितलं. सगळे हसले. नितीन हसला नाही. कोशिंबीर वाढून घेत म्हणाला, ‘पण दाजी, हे मला लगेच सुचलं असतं.’

बायकोने मांजराला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लावलं.