हाऊ कान त्यासना नही शे

सकाळपासून डोकं तापलेलं आहे. दिवसभर काम केलं, आता रात्री फोटोच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून हे लिहितो आहे.

सकाळी पारोळ्याकडच्या एका गावातून दोन भाऊ आणि त्यांची आई आली. वडिलांचं वर्षश्राद्ध परवा आहे. हातात बारा बाय अठराची फ्रेम होती, दुसरीकडून बनवून आणलेली. भगवा फेटा, काळा कोट, मागे निळा पडदा आणि मध्ये वडिलांचा चेहरा. भावांचं म्हणणं एवढंच की प्रिंट गडद आली आहे, जरा उजळ करून द्या. मी फ्रेम टेबलावर आडवी ठेवली. आजी तोवर बाकावर गप्प बसून होत्या. त्या उठल्या, पदर सावरला, काचेवर डाव्या कानाच्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाऊ कान त्यासना नही शे."

मोठा म्हणाला, "माय, कानले कोन देखस?"

आजींनी बोट काढलं नाही.

मला राग आला तो त्या मुलांचा नाही. ज्याने ही फ्रेम बनवून पैसे घेतले, त्याने या बाईला विचारलंसुद्धा नव्हतं, त्याचा आला. मी विचारलं. लहानपणी आप्पांच्या कानातली बाळी वासराच्या दाव्यात अडकली आणि डावी पाळी खालून फाटली. ती कधी शिवली नाही. लग्न झालं तेव्हापासून आजींनी तो कान तसाच पाहिलेला आहे. फ्रेममधल्या माणसाची पाळी गोल, भरलेली, तिशीतल्या पोराची. ज्या मॉडेलच्या फेट्यातल्या फोटोवर आप्पांचा चेहरा बसवला होता, ती त्याचीच होती.

आपल्या धंद्यातल्या मित्रांनो, हे असं का होतं ते नीट समजून घ्या. चेहरा बदलणारी बरीच मोफत साधनं आज `inswapper_128.onnx` या एकाच फाइलवर चालतात. ती फाइल चेहऱ्याचा 128 बाय 128 पिक्सेलचा चौकोन उचलते, त्यात डोळे, नाक, तोंड, गाल नव्याने रंगवते आणि कडा मऊ करून परत चिकटवते. कान, केस आणि डोक्याचा आकार यांच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. ते ज्या धडावर चेहरा बसवला त्याचेच राहतात. म्हणजे आप्पांचे डोळे आले, नाक आलं, आणि कान दुसऱ्याच्या पोराचे राहिले. यंत्राने त्याचं काम केलं. पुढचं काम माणसाचं होतं, ते कोणी केलं नाही.

आणि कपाळ! फेट्याची खालची घडी कपाळावर येते, म्हणजे ती त्या चौकोनाच्या आत येते. मग यंत्र तिलाही चेहरा समजून रंगवतं. फ्रेमचा फोटो काढून मी स्क्रीनवर दोनशे टक्के मोठा केला, तर वरच्या घड्यांचा धागा न धागा दिसत होता आणि कपाळाला टेकलेली घडी मेणासारखी वितळलेली होती. तिच्याखाली काळपट केसांची रेघ आली होती. यंत्राचा अंदाज चुकला होता आणि त्याने तिथे केसांसारखं काहीतरी रंगवलं होतं. फेटा बांधलेल्या माणसाच्या कपाळावर केसांची सरळ रेघ कधी पाहिली आहे का तुम्ही?

ही खूण लक्षात ठेवा. कापडाची कड मऊ दिसली की काम फसलं आहे. कातडीला कातडी जिथे मिळते तिथे कड मऊ हवी आणि कापड जिथे कातडीवर बसतं तिथे धारदार. एकच फेदर सगळीकडे लावला की दोन्हीकडे बिघडतं.

मी काय करतो ते सांगतो. चेहरा बदलला की मूळ धडाचा फोटो सगळ्यात वरच्या लेयरला परत ठेवतो आणि पेन टूलने फेट्याची खालची कड हाताने आखतो. फेटा मूळ फोटोतलाच राहतो. नवा चेहरा कापडापर्यंत नेत नाही. चेहरा सहाशे पिक्सेल रुंद असेल तर कापडाच्या खाली आठ-दहा पिक्सेल मूळ कपाळ तसंच सोडतो, कारण फेट्याची सावली तिथे पडलेली असते. ती सावली गेली की फेटा हवेत तरंगतो. त्या पट्टीचा रंग तेवढा नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायचा. फेट्याच्या कडेला एक पिक्सेल फेदर, कपाळाच्या जोडाला तीन-चार. बस.

काही जण म्हणतील, हे आपोआप करणारे मास्क आहेत. आहेत. चेहऱ्याचे भाग ओळखणारं मॉडेल कातडी, केस, कान, टोपी असे 19 वर्ग वेगळे करतं. पण ते ज्या फोटोंवर शिकलं आहे ते 30,000 फोटो नट-नट्यांसारख्या प्रसिद्ध माणसांचे आहेत. आपल्याकडचा फेटा त्याला कधी केस वाटतो, कधी अंगावरचं कापड. पहिला कच्चा मास्क त्यातून घ्यावा, हे मान्य. पण कड हातानेच.

भाच्याने मागे एकदा ओपनसीव्हीचं `seamlessClone` लावून बघितलं होतं. हे तंत्र 2003 सालचं आहे, आणि कातडीला कातडी जोडायला ते अजूनही छान आहे. पण ते मास्कच्या कडेचा रंग बघतं आणि तो आत पसरवत नेतं. मास्क भगव्या कापडाला जिथे टेकला होता, तिथून सगळं कपाळ केशरी झालं. पोरगं फिल्टर बदलत बसलं होतं. मास्क कापडापासून थोडा खाली ओढला आणि रंग जागेवर आला.

आता आजींकडे परत येतो, कारण त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली आणि तिने मी गप्प झालो. आप्पांनी फेटा आयुष्यात एकदाच बांधला, स्वतःच्या लग्नात. रोज डोक्यावर पांढरी टोपी. शेतात टोपी, बाजारात टोपी, दवाखान्याच्या खाटेवरसुद्धा उशाशी टोपी. मुलांना वाटतं फेट्यात रुबाब येतो. वाटू दे, त्यांचाही बाप आहे. पण चाळीस-पन्नास वर्षं ज्या बाईने ती टोपी धुतली, वाळवली, घडी करून ठेवली, तिच्या भिंतीवर भगव्या फेट्यातला अनोळखी माणूस लावायचा? मला नाही पटत.

टोपीचं काम मात्र फेट्यापेक्षा अवघड आहे. फेटा कानाचा वरचा भाग झाकतो आणि कल्लेही लपवतो. गांधी टोपी कानाच्या वर बसते. कान अख्खा उघडा, आणि टोपी आणि कान यांच्यामध्ये केसांची बोटभर पट्टी उघडी. ही पट्टी धडवाल्याची राहते. चेहरा पंचाहत्तरीचा आणि कल्ले काळेभोर, असे किती फोटो आपल्या गावांत भिंतींवर लागलेले आहेत! ते काळे कल्ले नुसते फिके करून चालत नाही, करडा धूर दिसतो. मूळ फोटोतले पांढरे कल्ले कानासकट एका तुकड्यात उचलावे लागतात.

बायकांच्या फोटोत आणखी वेगळं. डोक्यावरचा पदर भांगाच्या मागे असतो, म्हणजे केसांची सुरुवात उघडी राहते. तिथे कपाळ आणि केस दोन्ही मूळ बाईचेच घ्यावे लागतात, आणि जोड पदराच्या कडेखाली लपवायचा. घट्ट बांधलेल्या स्कार्फमध्ये कान-केस दिसतच नाहीत, पण कापड गालाला दाबून बसलेलं असतं. नवा चेहरा रुंद असला तर गाल कापडावर सांडतो. तिथे कापड वरच्या लेयरला ठेवून गाल त्याच्याखाली घालायचा, आत ढकलून बारीक करायचा नाही. बारीक केला की माणूस बदलतो.

मुलांनी आप्पांचा पासपोर्ट साइज फोटो दिला, तोही आधी व्हॉट्सॲपवर पाठवलेला. मी म्हटलं मूळ कागद आणा. धाकटा मोटारसायकलवर परत जाऊन दुपारी घेऊन आला. 600 डीपीआयला स्कॅन केला. पस्तीस मिलिमीटर रुंद फोटोचे सव्वाआठशे पिक्सेल मिळाले, आणि डाव्या पाळीची ती फट स्पष्ट दिसली. व्हॉट्सॲपच्या फोटोत तिथे नुसता डाग होता.

मग धड शोधलं. इथेच बहुतेक जण चुकतात. फेट्याच्या फ्रेममधला मॉडेल किंचित उजवीकडे वळलेला आणि हनुवटी वर केलेला होता. आप्पा मात्र सरळ बघत होते. हनुवटी वर गेली की कान डोळ्यांच्या रेषेच्या खाली उतरतात. सरळ चेहऱ्यात कानाचा वरचा काठ साधारण भुवईला आणि पाळी नाकाच्या बुडाला येते. हे जुळत नसेल तर ते धड सोडून द्या, कोणताही मास्क वाचवत नाही. मला टोपीतलं सरळ धड माझ्याच जुन्या कामात सापडलं. एका काकांनी असल्या कामासाठी मुद्दाम बसून, परवानगी देऊन काढू दिलेला फोटो आहे. जिवंत माणसाला न विचारता त्याचं डोकं किंवा धड वापरणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही.

कान कानाच्या कडेवर कापू नका. कानासमोरची गालाची पट्टी आणि वरचा कल्ला बरोबर घ्या, म्हणजे जोड गालावर येतो. मॉडेलचा कान मोठा असला तर नव्या कानामागून त्याची चंद्रकोर डोकावते. ती आधी पुसून मागचा पडदा भरून घ्यायचा. आणि उजवा कान उलटा करून डावीकडे लावणाऱ्यांनो, प्रकाश उलटा पडतो हे तरी बघा. आप्पांच्या बाबतीत तर तसं केलं असतं तर पाळीची फटच गेली असती.

तुम्ही म्हणाल, याला चार तास लागतात आणि गिऱ्हाईक दीडशे रुपयांच्या वर देत नाही. खरं आहे. दशक्रियेच्या आदल्या रात्री दहा मिनिटांत फोटो मिळाला म्हणून हात जोडणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण वर्षश्राद्धाला वर्ष मिळालेलं असतं.

आता राग उतरला आहे. स्क्रीनवर आप्पा टोपीत आहेत. टोपीच्या कडेखाली सावली आहे, कल्ले पांढरे आहेत, डावी पाळी खालून दुभंगलेली आहे. मुलांसाठी फेट्यातलंही एक नीट करून ठेवलं आहे. त्यातही फाटकी पाळी फेट्याखालून दिसते, ती मी झाकलेली नाही.

सकाळी आठला तिघं येणार आहेत. प्रिंट अजून काढलेली नाही. आधी आजींना खुर्ची देऊन स्क्रीनसमोर बसवणार आणि डाव्या कानापाशी झूम करणार.